मॉडेलात जागा आहे, मग हाउसिंगमध्ये का नाही?

डिझाइन_गोकुळशिरगाव
पंपाच्या बेअरिंग हाउसिंगची असेंब्ली सॉलिडवर्क्समध्ये केली. आत दोन ६२०५ बेअरिंगं, त्यांच्या मध्ये ४० चा स्पेसर, शेवटी सर्कलिप. इंटरफिअरन्स चेक मारला, काहीच निघालं नाही. सर्कलिपला ०.१५ ची जागा मॉडेलात स्वच्छ दिसते. तरी शॉपवरून फोन: २५ पैकी ९ हाउसिंगमध्ये सर्कलिप ग्रूव्हमध्ये बसत नाही. मॉडेल बरोबर आहे, म्हणजे मशीनिंग चुकलंय, विषय संपला. कॅल्क्युलेटर घेऊन बेरजा मारायचे दिवस गेले, नाहीतर मॉडेल कशाला करायचं? ड्रॉइंगचा फोटो सोबत.

शिरोली_क्यूए
सकाळी वाचून सोडून दिलं होतं. पण "विषय संपला" हे काही डोक्यातून जाईना, म्हणून लिहिते.

विषय तुमच्याच फोटोत आहे. मॉडेलात प्रत्येक पार्ट एकाच मापाचा असतो, बरोबर नॉमिनल. शॉपवर तसा एकही पार्ट येत नाही. ड्रॉइंगवर तुम्ही बाहेरच्या फेसपासून शोल्डर ९० ± ०.१ दिलाय, आणि त्याच फेसपासून ग्रूव्हची बाहेरची भिंत १७.८५ ± ०.१. बेअरिंगं ज्या जागेत बसायची ती म्हणजे या दोघांची वजाबाकी, ७२.१५. तिच्यावर टॉलरन्स किती? ± ०.२. दोन मापं वजा केली तरी टॉलरन्सची बेरीजच होते. हे मॉडेल सांगत नाही, कारण माप कुठूनही द्या, त्याला ७२.१५ च दिसतं.

आता आतला माल. ६२०५ ची रुंदी १५, पण ती वर जात नाही, खाली ०.१२ पर्यंत जाऊ शकते. सर्कलिप २ ची, तीही फक्त खाली, ०.०६. स्पेसर ४० ± ०.०५. मॉडेलनं १५, ४०, १५, २ असे ७२ धरले म्हणून ०.१५ दिसलं. टॉलरन्सच्या मधोमध धरलं तर माल ७१.८५ होतो आणि गॅप ०.३०. म्हणजे तुमचं ०.१५ हे ना कमीत कमी, ना मधलं. नुसतं मॉडेलात दिसणारं.

आणि टोकाला? हाउसिंगचे ०.२०, दोन बेअरिंगांचे ०.०६ आणि ०.०६, स्पेसरचे ०.०५, सर्कलिपचे ०.०३. झाले ०.४०. गॅप ०.३० ± ०.४०, म्हणजे वजा ०.१० पासून ०.७० पर्यंत. ती वजा बाजू म्हणजे तुमची नऊ हाउसिंगं.

भट्टीवाला
आमच्याकडं पण ह्योच ताप. मॉडेल बरोबर आणि कास्टिंग बारीक. मॉडेल करणाऱ्यानं आटीचं माप धरलं न्हाई की असंच हुतंय. ग्रे आयर्नला मीटरमागं १० मिमी धरायला लागतंय. तुमच्या मॉडेलमेकरला इचारा की.

शिरोली_क्यूए
काका, तुम्ही म्हणताय ते लाकडाचं मॉडेल. हे कॉम्प्युटरमधलं. इथं सगळं मशीनिंग झालेलं आहे, आटीचा संबंध नाही.

भट्टीवाला
मग तसं लिवा की वर. मॉडेल म्हटल्यावर आमास्नी पॅटर्नच दिसतंय.

बीई_मेक_९८
ताई, आकडे बरोबर, पण भीती जास्त. सहाही मापं एकाच वेळी टोकाला जातील याची शक्यता नगण्य असते. एक्सेलात सहा टॉलरन्स C2 ते C7 मध्ये टाका, वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा:

```
=SUM(C2:C7)
=SQRT(SUMSQ(C2:C7))
```

पहिल्यानं ०.४० येतं, दुसऱ्यानं ०.१८ च्या आत. म्हणजे गॅप ०.१२ ते ०.४८, एकही जॉब अडकायला नको. शिवाय तुम्ही ग्रूव्हची रुंदी धरलेलीच नाही. सर्कलिप ग्रूव्हमध्ये बसते, तर मापांच्या साखळीत ग्रूव्ह हवाच. आणि अडकायला नको असताना ९ अडकले, म्हणजे मुलगा म्हणतो तेच खरं, मशीनिंगचा घोळ आहे.

शिरोली_क्यूए
सर, ग्रूव्हची रुंदी येत नाही. सर्कलिप शेवटी बाहेरच्या भिंतीला टेकते आणि माप त्याच भिंतीला दिलेलं आहे. आतल्या भिंतीला दिलं असतं तर रुंदी साखळीत आली असती. ग्रूव्ह आतल्या बाजूला किती रुंद आहे याचं इथं काही देणंघेणं नाही.

वर्गमुळाचा आकडा मान्य. पण तो कधी खरा? प्रत्येक माप मधल्या आकड्याभोवती दोन्हीकडं सारखं पसरलं तर. @डिझाइन_गोकुळशिरगाव, अडकलेला एक जॉब मोजून टाका. नुसतं "ओके" नको, आकडे टाका.

डिझाइन_गोकुळशिरगाव
टाकतो, म्हणजे एकदाचं मिटेल. सीएमएमवर शोल्डर ८९.९२, ग्रूव्ह १७.९३. मायक्रोमीटरनं दोन्ही बेअरिंगं १४.९८५, स्पेसर ४०.०४, सर्कलिप १.९९.

...सगळं टॉलरन्समध्ये आहे. रिपोर्ट अख्खा हिरवा.

शिरोली_क्यूए
आता तुमच्या नावडत्या कॅल्क्युलेटरवर करा. जागा ८९.९२ वजा १७.९३, ७१.९९. माल १४.९८५ दोनदा, ४०.०४ आणि १.९९, बरोबर ७२.००. एका शतांशानं अडकलं. पार्ट सगळे पास, असेंब्ली नापास.

आणि सर, हा योगायोग नाही. मी नऊ वर्षं सीएनसीच्या बाजूला उभी राहून फर्स्ट पीस पास केलेत. ऑपरेटर सेटिंग नेहमी मटेरियल राखून करतो, कारण कमी काढलेलं परत काढता येतं, जास्त काढलेला जॉब भंगारात. शोल्डर उथळ ठेवला की मटेरियल शिल्लक. ग्रूव्हची बाहेरची भिंत आत ठेवली तरी मटेरियल शिल्लक. स्पेसर लांब ठेवला तरी तेच. तिघांचा शहाणपणा एकाच दिशेला जातो, गॅप खायला. फेसचा झीरो चुकला असता तर दोन्ही मापं मिळून सरकली असती आणि जागेला धक्का लागला नसता. इथं बोरिंगच्या टूलचा ऑफसेट वेगळा, ग्रूव्हिंगचा वेगळा, म्हणून ती उलटसुलट गेली. एकदा ऑफसेट टाकला की पंचवीसच्या पंचवीस जॉब तसेच निघतात. तिथं तुमचं वर्गमूळ चालत नाही.

बीई_मेक_९८
मटेरियल राखून करतात हे लक्षात आलं नव्हतं. लॉट सरकला की सरासरीच सरकते, बरोबर आहे. पुस्तकात हे असतं, आमच्या सबमिशनमध्ये नसायचं. पण हजारोंच्या प्रॉडक्शनला वर्स्ट केस धरून टॉलरन्स आवळले तर कॉस्ट परवडणार नाही, यावर मी ठाम आहे.

जॉबवर्क_कागल
या पोराला निदान ड्रॉइंग तरी दिलंय म्हणायचं! आमच्याकडं एक पार्टी मेलवर नुसती स्टेप फाइल टाकते आणि खाली एक ओळ, "as per model". टॉलरन्स कुठला धरायचा विचारलं की "जनरल धरा". जनरल म्हणजे आयएसओ २७६८ मीडियम, ९० च्या मापाला ± ०.३! तेवढ्यात केलं आणि बसलं नाही की डेबिट नोट. मागच्या दिवाळीला ४० हाउसिंगं परत आली, भाडं आमचं, रिवर्क आमचं. कॅम टाकणारा पोरगा मॉडेलावरून बरोबर नॉमिनल धरून प्रोग्रॅम करतो. बेअरिंगच्या बोअरला तुमचा एच७ आहे की काय, फाइलला माहीत नसतं.

डिझाइन_गोकुळशिरगाव
स्टेपमध्ये टॉलरन्स जातात हो आता. एपी२४२ म्हणून करा एक्स्पोर्ट, मॉडेलवरचे टॉलरन्स सोबत येतात. आधी माहिती घ्यायची, मग रडायचं.

जॉबवर्क_कागल
रडायचं? भावा, माझ्या कॅममध्ये ती फाइल उघडली तर नुसता आकार येतो, टॉलरन्स बिलरन्स काय दिसत नाही. नवीन सॉफ्टवेअर तू घेऊन देतोस का? मशीनचा हप्ता मी भरतो, तू एसीत बसून माऊस फिरवतोस.

डिझाइन_गोकुळशिरगाव
आमच्या हापिसात एसी नाही. पंखा पण टेंपररी आहे.

जॉबवर्क_कागल
मग तर उघड्यावर ये, गरम मशीनवरनं काढलेला जॉब कसा मोजतात बघ.

बीई_मेक_९८
दोघंही जरा दमानं घ्या. स्टेपवर भांडायचं तर वेगळा धागा काढा.

जॉबवर्क_कागल
सर, वेगळा कशाला? भांडण हेच आहे. टॉलरन्स डोक्यात न घेता मॉडेल पाठवायचं आणि बसलं नाही की शॉपला शिव्या. याच्या पहिल्याच पोस्टमध्ये तेच आहे, परत वाचा.

शिरोली_क्यूए
कागलकर, शेवटचं वाक्य बरोबर. पण ड्रॉइंग मागून न घेता काम चालू केलंत, ते तुमच्या बाजूलाही जातं. आमच्याकडं ड्रॉइंगशिवाय जॉब मशीनवर चढत नाही.

मूळ मुद्द्यावर येते. मॉडेल कामाचंच आहे, पण त्याला नीट विचारायला लागतं. प्रत्येक पार्टच्या दोन कॉन्फिगरेशन करा. एकीत गॅप खाणारी मापं: शोल्डर ८९.९, ग्रूव्ह १७.९५, बेअरिंग १५, स्पेसर ४०.०५, सर्कलिप २. दुसरीत सगळं उलट. दोन्ही असेंब्ल्यांत गॅप मोजा. साखळी सरळ रेषेतली असली की ही दोन टोकं पुरतात. मोजताना वजा ०.१० आणि ०.७० यायला पाहिजे. येत नसेल तर तुमचे मेट चुकलेत.

हे मेटचंच जास्त होतं. बेअरिंग शोल्डरला टेकवून न लावता ओरिजिनपासून अंतर देऊन लावलं, किंवा सर्कलिप ग्रूव्हच्या मधोमध बसवली, तर माप बदललं तरी साखळी हलत नाही आणि गॅप भलतीकडंच दिसतो. तपासायला शोल्डर मुद्दाम १ मिमी हलवा आणि कोण कोण सोबत सरकतं बघा. सॉलिडवर्क्स प्रीमियम असेल तर TolAnalyst आहे, तो वर्स्ट केस आणि वर्गमूळ दोन्ही काढतो, पण कुठला पार्ट कशाला टेकतो हे त्यालाही तुम्हीच सांगायचं. आणि शोल्डर तिरका कापला गेला असेल तर ते या दोन कॉन्फिगरेशनमध्ये दिसणार नाही, मॉडेलातले फेस कायम काटकोनात असतात.

ड्रॉइंग बदला. शोल्डरपासून ग्रूव्हच्या बाहेरच्या भिंतीपर्यंत थेट ७२.१५ ± ०.१ द्या. एक टॉलरन्स साखळीतून गेला. गॅप शून्य ते ०.६०.

जॉबवर्क_कागल
ताई, ते ७२.१५ आतल्या आत मोजायचं कशानं? व्हर्नियरचा जबडा ग्रूव्हमध्ये जात नाही. गेज करायला लागतंय. गेजचे पैसे कोण देणार, की तेही "as per model"?

बीई_मेक_९८
आणि ०.६० चा प्ले पंपाला चालेल? शाफ्ट पुढंमागं होणार, सील खाणार. मी तिथं वेव्ह वॉशर टाकला असता.

शिरोली_क्यूए
वेव्ह वॉशर टाकला तर त्याची जाडी धरून जागा वाढवायला लागेल, आणि साखळी परत पहिल्यापासून. शिम पण चालेल, पण मग प्रत्येक हाउसिंग मोजून शिम निवडायची. कुठलं परवडतं ते लॉट केवढा आहे त्यावर. गेजचं कागलकर म्हणतात ते खरं आहे, ते डिझाइनवाल्यानं मागवायचं, मशीनवाल्यानं नाही.

डिझाइन_गोकुळशिरगाव
शोल्डर १ मिमी आत ढकलला. हाउसिंग बदललं, बेअरिंगं जागच्या जागी. फ्रंट प्लेनपासून अंतर देऊन लावली होती, मीच. त्यामुळं शोल्डर आणि बेअरिंगमध्ये १ मिमीची फट, आणि सर्कलिपला तरीही ०.१५ ची जागा स्वच्छ दिसते.

हसा आता. शॉपला फोन करून सॉरी म्हणायचं राहिलंय, ते उद्या. आज तो फिटर फोन उचलत नाही.