मदत हवी आहे: प्रश्नमंजूषेच्या सुरुवातीच्या दोन मिनिटांच्या भाषणासाठी

शनिवारी शाळेतल्या प्रश्नमंजूषेचं सूत्रसंचालन माझ्याकडे आहे, सहावी ते आठवीची मुलं. उत्तर न येण्यातही मजा असते, यावर सुरुवातीला दोन मिनिटं बोलायचं आहे.

नुसतं सांगून ते पटणार नाही, म्हणून मी एका कोड्यापासून सुरुवात करतोय. २ पेक्षा मोठी कोणतीही सम संख्या घ्या आणि ती दोन मूळ संख्यांची बेरीज म्हणून लिहा. १० म्हणजे ३ + ७. २८ म्हणजे ५ + २३, किंवा ११ + १७. मग विचारायचं, "हे प्रत्येक सम संख्येला जमेल का?" मुलं "हो" म्हणणारच. तेव्हा सांगायचं की १७४२ साली गोल्डबाख आणि ऑयलर या गणितज्ञांच्या पत्रव्यवहारात हेच विधान आलं होतं, आणि अजून कुणालाही ते सिद्ध करता आलेलं नाही.

घरी भाचीवर प्रयोग केला. ती जेवण सोडून ९८ च्या जोड्या शोधत बसली (१९ + ७९ तिला सापडली, मला नाही!).

अडचण पुढे आहे. यानंतर लगेच "चुकीच्या उत्तराला उणे पाच गुण" हा नियम वाचायचा आहे आणि तिथे सगळं भाषण खोटं वाटतं. उणे गुण काढायला आयोजक तयार नाहीत. नियम आधी वाचून भाषण नंतर करू का? की 'पास' म्हणणाऱ्या संघासाठी एखादं वाक्य घालू? कुणी असं केलं असेल तर नेमके शब्द सांगा.