रविवारच्या मेळाव्याआधी सुजाता ताईंचा बायो (बी विंगच्या ग्रुपवरून)

सुजाता, बी-३०४: नमस्कार मंडळी, रविवारी रोजगार मेळावा आहे, महास्वयं पोर्टलवर नाव नोंदवलंय. बायोडाटाच्या वर चार ओळींचा परिचय लागतो म्हणे. एक लिहिलाय, जरा बघा ना कुणीतरी.
"मी एक मेहनती, प्रामाणिक आणि जिद्दी महिला असून मला टीममध्ये काम करायला आवडते. नवीन गोष्टी शिकण्याची आवड आहे. सध्या गृहिणी आहे."

पाटील सेक्रेटरी: छान 👌👌

नीलम, बी-५०१: पाटील साहेब तुम्ही काहीही टाकलं तरी छानच म्हणता 😄 ताई, मी आमच्याकडे भरतीला बसते म्हणून सांगते, मेहनती आणि प्रामाणिक हे प्रत्येकाच्या कागदावर असतं, आळशी आणि लबाड आहे असं कोणी लिहीत नाही. स्टॉलवरचा माणूस वरच्या दोन ओळी बघून ठरवतो कागद कुठल्या गठ्ठ्यात टाकायचा. तुम्ही अकाउंट्समध्ये होता हे यात आलंच नाहीये.

सुजाता, बी-३०४: हो ग, ते राहिलंच. थांब.

सुजाता, बी-३०४: "बी.कॉम. ट्रेडिंग कंपनीत अकाउंट्स असिस्टंट म्हणून २०१५ पर्यंत काम. टॅली ईआरपी ९, व्हॅट रिटर्न, बँक रिकन्सिलिएशन. वाचन, रांगोळी, स्वयंपाकाची आवड. वैवाहिक स्थिती विवाहित, दोन मुले."

तेजस, बी-१०२: व्हॅट 😅 काकू, जीएसटी १ जुलै २०१७ ला आला, हे वाचून समोरचा पहिलं हेच म्हणणार की यांचं सगळं जुन्या काळातलं आहे

जोशी काका, बी-२०२: तेजस म्हणतो ते खरं आहे, पण व्हॅट काढून टाकू नकोस सुजाता, कामच ते होतं तर लपवायचं कशाला. फक्त खाली बायोडाटात जाऊ दे, वर नको. आणि मुलं, रांगोळी, विवाहित हे काढ. त्यावरून ते हिशेब करतात की ही सुट्ट्या किती घेणार.

सुजाता, बी-३०४: बरं काका. रात्री परत टाकते, आता पोळ्या राहिल्यात.

सुजाता, बी-३०४: (रात्रीचे साडेअकरा वाजलेत, सॉरी) "अनुभवी अकाउंट्स प्रोफेशनल व जीएसटी एक्सपर्ट. टॅली प्राईम, एक्सेल. सोसायटीचे अकाउंट्स व ऑडिट सांभाळते."

तेजस, बी-१०२: हे भारी आहे!! एक्सपर्ट लिहा बिनधास्त

जोशी काका, बी-२०२: बिनधास्त कशाला? सुजाता, मी स्टॉलवर बसलोय समज. जीएसटी पोर्टलवर सप्लायरच्या बिलांचा २बी कधी येतो?

सुजाता, बी-३०४: १४ तारखेला.

जोशी काका, बी-२०२: बरोबर. आता परचेस रजिस्टरमध्ये बिल आहे, माल आलाय, पैसे दिलेत, पण २बी मध्ये ते बिल दिसत नाही. का?

सुजाता, बी-३०४: सप्लायरने जीएसटीआर-१ भरला नसेल किंवा ११ तारखेनंतर भरला असेल, मग ते पुढच्या महिन्याच्या २बी मध्ये येतं. तोवर क्रेडिट घ्यायचं नाही. खालच्या हार्डवेअरवाल्या भाऊंचं मागच्या महिन्यात असंच झालं होतं, त्यांचं जुळवून दिलं तेव्हा कळलं. एका बिलावर त्यांचा जीएसटी नंबरच चुकलेला, ते तर कधीच दिसलं नसतं.

जोशी काका, बी-२०२: शाब्बास. आणि जीएसटीचा ३बी रिटर्न स्वतः भरलाय का कधी?

सुजाता, बी-३०४: नाही काका, कोर्समध्ये दाखवलं तेवढंच. भाऊंचा ३बी त्यांचा सीए भरतो.

जोशी काका, बी-२०२: मग एक्सपर्ट काढ. एक्सपर्ट म्हणालीस की तिसरा प्रश्न तुला अडवणार, आणि जुळवणी येते म्हणालीस तर त्याच तिसऱ्या प्रश्नाला भाऊंचं बिल सांगशील. आणि "ऑडिट सांभाळते" हे तर अजिबात नको, ऑडिट पॅनेलवरचा ऑडिटर करतो, त्याची नेमणूक एजीएममध्ये होते. तू ऑडिटची तयारी करतेस, त्याचे शेरे आले की ओ फॉर्मचा दोषदुरुस्ती अहवाल तयार करून देतेस. काम मोठं आहे, नाव बरोबर लिही.

नीलम, बी-५०१: काका 🙏 आणि ताई, सोसायटीचं काम एका शब्दात का गुंडाळलंत? सस्पेन्सचं काय केलंत ते लिहा ना, आमच्या कंपनीतही कुणी करत नाही ते.

पाटील सेक्रेटरी: हो हो ते सस्पेन्स. मीच सांगतो, आपल्याकडे ६४ फ्लॅट, सगळ्यांचा मेंटेनन्स ३५०० च, त्यामुळे बँकेत ३५०० आले की कुणाचे तेच कळत नाही, फ्लॅट नंबर कोणी टाकत नाही (कितीदा सांगितलं ग्रुपवर), कोणाचा भाडेकरू भरतो कोणाचा मुलगा पुण्याहून भरतो, आणि मग ज्याने भरले त्याच्याच नावावर थकबाकी दिसते आणि तो माझ्या दारात येऊन भांडतो

सुजाता, बी-३०४: ३८ एन्ट्र्या पडून होत्या, १ लाख ३३ हजार. मी काय केलं तर प्रत्येक खात्यावरून आलेलं नाव एका शीटमध्ये घेतलं आणि समोर फ्लॅट लिहीत गेले, भाडेकरूंचे करार पाटील साहेबांकडून घेतले, उरलेल्यांना यूटीआर नंबर विचारला. एकदा नाव आणि फ्लॅटची जोडी लागली की पुढच्या महिन्यापासून आपोआप जुळतं. आता २ उरल्यात.

नीलम, बी-५०१: हेच!!! हेच लिहा. तुम्ही आत्ता जसं टाइप केलंत तसंच.

मीनाक्षी वहिनी, बी-४०३: पण १० वर्षं घरी होती ते कसं सांगायचं? माझ्या जावेला तिथेच अडवलं होतं

नीलम, बी-५०१: एका ओळीत सांगायचं, कारण द्यायचं, माफी मागायची नाही. लपवलं तर तारखा बघून ते स्वतःच शोधतात आणि मग सगळी मुलाखत त्याच्यावरच जाते. आणि शेवटी कुठलं काम पाहिजे ते लिहा. "कोणतेही काम चालेल" म्हटलं की कुठल्या खात्याकडे पाठवायचं तेच त्यांना कळत नाही.

सुजाता, बी-३०४: हे बघा आता.
"बी.कॉम. ट्रेडिंग कंपनीत अकाउंट्स असिस्टंट होते, २०१५ मध्ये घरच्या जबाबदारीमुळे नोकरी सोडली. सध्या ६४ फ्लॅटच्या सोसायटीचे हिशोब टॅली प्राईमवर ठेवते. बँकेत आलेल्या पण नाव न लागलेल्या ३८ रकमा शोधून २ वर आणल्या. परचेस रजिस्टर आणि २बी जुळवता येते, रिटर्न स्वतः भरलेले नाही. अंबड किंवा सातपूरमध्ये अकाउंट्स किंवा बिलिंगचे काम हवे आहे."

तेजस, बी-१०२: "रिटर्न स्वतः भरलेले नाही" हे का लिहायचं पण, उगाच 🙄

जोशी काका, बी-२०२: तेजस, तू मुलाखतीला जाशील तेव्हा कळेल. पण कागदावर नको सुजाता, विचारलं तर तोंडाने सांग. चार ओळींत काय येत नाही याची यादी कशाला.

सुजाता, बी-३०४: काढते. आणि प्रिंट?

नीलम, बी-५०१: १५ घ्या. फोटो चिकटवू नका. आणि मोठ्याने वाचून बघा, स्टॉलवर कागद हातात घेण्याआधीच "काय करता?" विचारतात, तेव्हा हेच तोंडातून यायला हवं.

(रविवार, दुपार)

सुजाता, बी-३०४: आले बाई. ऊन आणि गर्दी, विचारू नका. चार स्टॉलवर तर कागद घेऊन नुसता ठेवला. अंबडच्या एका कंपनीच्या माणसाने ३८ आणि २ वर बोट ठेवलं आणि विचारलं, कसं केलंत? मी सांगत बसले तर मागची मुलं वैतागली. गॅपबद्दल एकच प्रश्न. रिटर्न भरता का विचारलं, नाही म्हटलं, ठीक आहे म्हणाले, आमचा सीए आहे. मंगळवारी टॅलीची प्रॅक्टिकल टेस्ट आहे.

मीनाक्षी वहिनी, बी-४०३: वा वा!! 🎉🎉 पेढे

जोशी काका, बी-२०२: पेढे टेस्टनंतर. उद्या संध्याकाळी ये, क्रेडिट नोट आणि डेबिट नोटच्या एन्ट्र्या करून घेऊ, टेस्टमध्ये तिथेच चुकतात.

पाटील सेक्रेटरी: अभिनंदन ताई. पण मग सोसायटीचे हिशोब कोण बघणार? एजीएम ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची आहे 😟

सुजाता, बी-३०४: शनिवारी बसेन की. पण पाटील साहेब, मी कमिटीत नाही, इतके दिवस फुकट केलं. यावेळी एजीएममध्ये मानधनाचा ठराव घ्या.

नीलम, बी-५०१: 😂😂👏

पाटील सेक्रेटरी: विषयपत्रिकेत टाकतो. आणि ज्यांचे २ उरलेत त्यांनी कृपया यूटीआर पाठवा.