मदत हवी आहे: स्कूटरच्या ५ एएच बॅटरीला कारचा ६ अँपिअर चार्जर लावू का?

चाकोरी
स्कूटर दोन महिने उभी होती. आता सेल्फ दाबला की नुसतं ‘टक्’ होतं, दिवेही मिणमिणतात. मल्टीमीटरवर १०.२ व्होल्ट दिसतात. बॅटरी १२ व्होल्ट ५ एएच, सीलबंद. घरात कारचा ६ अँपिअरचा चार्जर आहे, करंट कमी करायची सोय नाही. तासाभर लावला तर चालेल का?

भटक्या
लावा की! बॅटरी हवा तेवढाच करंट घेते. मी कारला नेहमी लावतो.

तारायंत्र
लावू नका. भटक्या म्हणतात ते चार्जिंगच्या शेवटी खरं असतं, तेव्हा करंट आपोआप उतरतो. उतरलेली बॅटरी मात्र सुरुवातीला चार्जर देईल तेवढं ओढू शकते. कारच्या बॅटरीला ६ अँपिअर किरकोळ, तुमच्या बॅटरीला ते क्षमतेहून जास्त. ती तापते, आतलं पाणी वायू होऊन झडपेतून जातं आणि सीलबंद बॅटरीत ते परत भरता येत नाही.

एएचचा दहावा भाग धरा, म्हणजे ०.५ अँपिअर. थोडं वाया जातं, म्हणून पूर्ण भरायला १० ते १२ तास लागतील. १ अँपिअरपर्यंत ठीक, त्यापुढे नको.

राधिका_म
माझ्या ई-स्कूटरची बॅटरीही अशीच पडली आहे. हेच करू?

तारायंत्र
राधिकाताई, ती बहुधा लिथियमची असेल. तिला तिचाच चार्जर लावा, हे प्रयोग नकोत.

चाकोरी
छोटा चार्जर लगेच मिळणार नाही. काही जुगाड?

तारायंत्र
बॅटरी गाडीतून काढा, आधी निगेटिव्ह. चार्जरच्या पॉझिटिव्ह वायरमध्ये इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये जोडा. सुरुवातीला साधारण अर्धा अँपिअर जाईल, बॅटरी भरेल तसा बल्ब मंद होईल. बल्ब तापतो, कापडाजवळ ठेवू नका. खिडकी उघडी ठेवा. क्लिप लावूनच चार्जर चालू करा, काढताना आधी बंद करा. बॅटरीच्या टोकांवर १४.४ व्होल्ट आले की थांबा. जुने चार्जर त्याहून वर नेतात, त्यामुळे रात्रभर लावून झोपू नका. बॅटरी हाताला गरम लागली किंवा फुगलेली दिसली तर लगेच बंद.

चाकोरी
काल दिवसभर लावली. बल्ब आधी पिवळट होता, नंतर नुसती तार लाल. १४.४ ला थांबलो. आज सकाळी १२.४ दाखवते. कमी आहे ना?

तारायंत्र
चांगली असती तर १२.७ च्या आसपास राहिली असती. दोन महिने रिकामी राहिल्याने प्लेटांवर सल्फेट बसलं असणार. पुन्हा एकदा तसंच चार्ज करून बघा. मग सेल्फ मारताना मीटर लावा. व्होल्टेज ९.५ च्या खाली पडलं तर ती गेली.

भटक्या
माझ्या मते नवीनच घ्या, परत मधेच बंद पडेल.

चाकोरी
आज पुन्हा लावतो. उद्या सेल्फ मारतानाचा आकडा टाकतो.