दिवाळीचा मेसेज

बी-३०२ (दादा): मंडळी, दुकानाच्या गिऱ्हाइकांना हा पाठवतोय, एकदा बघा. "दिव्यांच्या या मंगल पर्वावर आपणांस व आपल्या परिवारास सुख, समृद्धी, आरोग्य लाभो हीच ईश्वरचरणी प्रार्थना. शुभेच्छुक: सोफा व खुर्ची दुरुस्ती. सर्व कामांवर १० टक्के सूट."

ए-१०४ (ताई): दादा, स्पष्ट सांगते, 'शुभेच्छुक'च्या वरचा मजकूर वाणी पाठवेल, केबलवालाही पाठवेल. आणि शेवटी सूट दिसली की माणूस शुभेच्छा विसरतो, जाहिरात आली एवढंच म्हणतो. सूट तुळशीच्या लग्नाच्या सुमारास वेगळी कळवा.

बी-३०२: पण दीडशे गिऱ्हाइकं आहेत, प्रत्येकाला वेगळं काय लिहू?

ए-१०४: बिलबुक उघडा, कुणाचं काय काम केलंत ते त्यात आहेच. माझंच घ्या. पाडव्याला बाबांची वेताची खुर्ची विणून दिलीत. मला असं लिहा:
"ताई, नमस्कार. बाबांच्या खुर्चीचं वेत कसं आहे? बसून थोडा झोळ आला असेल तर खालच्या बाजूने ओल्या फडक्याने चांगलं भिजवा आणि पूर्ण वाळेपर्यंत कुणी बसू नका, ते पुन्हा घट्ट होतं. बाबांना नमस्कार सांगा. तुम्हा सगळ्यांना दिवाळीच्या शुभेच्छा."
हे दुसऱ्या कुणाला पाठवताच येणार नाही. यातलं नाव आणि कामाबद्दलचा मजकूर तेवढा गिऱ्हाइकागणिक बदलायचा. सोफ्याचा फोम बदललेल्यांना फोमचं विचारा, नुसतं पॉलिश केलेल्यांना पॉलिशचं.

सी-२०१ (काकू): एक लक्षात ठेव रे. ज्यांच्या घरी यंदा कुणी गेलं, त्यांना 'हार्दिक शुभेच्छा' नको. वर्षश्राद्ध होईपर्यंत बरेच जण सण करत नाहीत. "काकू, आठवण आली म्हणून लिहिलं, तब्येत सांभाळा" एवढं पुरे. आमची तशी पहिली दिवाळी होती तेव्हा फटाक्यांची चित्रं आली होती, फार लागलं होतं.

बी-३०२: बरं झालं सांगितलंत काकू. तशी दोन घरं आहेत, बाजूला काढतो. बाकीच्यांना ब्रॉडकास्ट करू का?

ए-१०४: ब्रॉडकास्ट तुमचा नंबर सेव्ह असलेल्यांनाच पोचतो. एकदाच काम दिलेली बरीच माणसं त्यात गळतील. आजपासून रोज वीस लिहा, वसुबारसेपर्यंत होतील. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी शंभर मेसेजखाली दबेल.

बी-३०२: बघा, एक लिहिला: "काका, नमस्कार. आपल्या सेवेची संधी दिल्याबद्दल आभारी आहोत. तुमच्या दिवाणाचा फोम कसा आहे?"

ए-१०४: ते 'सेवेची संधी'वालं वाक्य काढा. दुकानात काकांशी तुम्ही असं बोलता का?

बी-३०२: नाही. "काका, दिवाणावर आता झोप लागते का?" असं विचारतो.

ए-१०४: मग तेच पाठवा.