उत्तर: आधी चौकट, मग बिंदू, शेवटी ब्रश

> कपावर क्लिक केलं की कधी नुसता कान निवडला जातो, कधी अख्खा कप. शेवटी हातानेच रंगवावं लागतं. मग वेळ वाचतो कुठे?

फोटोतली वस्तू वेगळी काढणाऱ्या सॅम, म्हणजे Segment Anything या मॉडेलला एकाच बिंदूवरून कान हवा की कप, हे ठरवता येत नाही. म्हणूनच ते एका क्लिकला तीन पर्यायी मास्क, म्हणजे निवडलेल्या पिक्सेलचे तीन आकार देतं. त्याऐवजी कपाभोवती घट्ट चौकट ओढा आणि `multimask_output=False` ठेवा. कानातली पोकळी बरेचदा भरली जाते, तिथे ‘हा भाग नको’ असं सांगणारा एक नकारात्मक बिंदू द्या. ही पोकळी सोडू नका, रोबोटच्या ग्रिपरचं बोट तिथूनच जाणार असतं. पुढच्या क्लिकसोबत आधीचा लो-रिझोल्युशन मास्क `mask_input` म्हणून परत दिलात, तर आधीचं काम बऱ्यापैकी टिकून राहतं.

दोन-तीन बिंदूंनंतरही कड जागची हलत नसेल, तर सरळ ब्रश घ्या. मॉडेलचा मूळ मास्क २५६ × २५६ चा असतो आणि तो ताणून मोठा केलेला असतो, त्यामुळे पातळ वायर किंवा कानाची आतली कड बिंदूंनी नीट येईलच असं नाही.

डेप्थ कॅमेरा असेल तर मास्कमधले पिक्सेल पॉइंट क्लाउडमध्ये, म्हणजे त्रिमितीय ठिपक्यांच्या रूपात पाहा. कड बाहेर सांडली असेल, तर कपामागे टेबलावर सुट्या ठिपक्यांची शेपटी दिसते. मी ब्रश आधी तिथेच फिरवतो.