ताडोबा: आधी विमान, रिसॉर्ट की सफारी?

पुणेरी_पाटी: मेमध्ये चौघं ताडोबाला निघालोय. नवरा म्हणतो नागपूरचं विमान स्वस्त आहे, आत्ताच घेऊन टाक. मी म्हणते आधी रिसॉर्ट. कोण बरोबर? आणि फ्री कॅन्सलेशनसाठी जास्त पैसे मोजायचे का?

उडता_पक्षी: नवरोबा बरोबर. भाडं रोज चढतं, खोल्या काय, मिळतातच.

चांद्याचा_माणूस: दोघंही चुकताय. खोल्या मिळतात, जिप्सी मिळत नाही. प्रत्येक गेटला प्रत्येक फेरीच्या जिप्सी मोजक्याच सुटतात, आणि मेमध्ये पाणवठ्यांवर वाघ दिसतो म्हणून सगळे तेव्हाच येतात. आधी सफारीचा परवाना काढा. मंगळवारी कोअर बंद, हे विसरून विमान काढणारे दरवर्षी भेटतात. परवाना कुठल्या गेटचा, त्यावरून मुक्काम ठरवा. मोहर्ली चंद्रपूरकडून, कोलारा चिमूरकडून. मोहर्लीत खोली आणि पहाटेची सफारी कोलाऱ्याची, म्हणजे मध्यरात्री उठून गाडी हाका. विमान सगळ्यात शेवटी, तेही सकाळची सफारी आटपून, जेवून, तीनेक तास रस्ता धरून.

हिशेबी_वहिनी: दादा, पण जोडसुट्टी असली तर परवाना खुला होईपर्यंत गेटजवळच्या बऱ्या खोल्या भरलेल्या असतात. आम्ही आधी खोल्याच धरल्या. दोन खोल्या, दोन रात्री. रद्द करता येणारा दर ६,४००, न येणारा ५,६००. चार खोली-रात्रींचे ३,२०० जास्त गेले. परवाना हुकला असता तर २२,४०० बुडाले असते, म्हणून दिले.

चांद्याचा_माणूस: वहिनी, हे पटलं. पण ती सोय परवाना हातात येईपर्यंतच कामाची. तो आला की तारीख हलत नाही, मग आजारपणाची भीती नसेल तर जास्त दर कशाला? आणि ‘मोफत रद्द’ कुठल्या तारखेपर्यंत ते बघा. मुदत परवाना मिळायच्या आधीच संपत असेल, तर ते ३,२०० पाण्यात.

गोवेकर_भाचा: आमचा गोव्याचा व्हिला शेवटच्या दिवशी रद्द केला, दमडी परत आली नाही!

हिशेबी_वहिनी: अरे भाचा, विषय ताडोबाचा चाललाय.

उडता_पक्षी: मग विमान रद्द केलं तर?

हिशेबी_वहिनी: स्वस्त तिकिटात मूळ भाडं बहुतेक सगळं जातं. विमानतळाचे कर-शुल्क मात्र परत मिळायलाच हवेत, नियम आहे. लोक मागतच नाहीत.

पुणेरी_पाटी: बरं. नवऱ्याला थांबवलंय. तो म्हणतो, परवाना मिळेपर्यंत भाडं दुप्पट झालं तर?

चांद्याचा_माणूस: तर रात्रीची ट्रेन आहेच की. जिप्सीला मात्र दुसरा पर्याय नाही.

उडता_पक्षी: मेमधल्या ट्रेनचं वेटिंग बघितलंय का कधी?