बिझनेस अ‍ॅनालिस्टच्या, म्हणजे बीएच्या रेझ्युमेतला आकडा कुठून आणलात? अनुभव सांगा

पावसाळी_वही: काल माळा आवरताना 2019 ची वही सापडली, कर्ज विभागाच्या वर्कशॉपच्या नोंदी, आणि सगळं आठवलं. तेव्हा रेझ्युमेत लिहिलेलं, ‘रिक्वायरमेंट्स गोळा केल्या, वर्कशॉप घेतले, रिक्वायरमेंट्सचा दस्तऐवज म्हणजे बीआरडी लिहिला’. इंटरव्ह्यूत बाईंनी विचारलं, मग बदललं काय? मी गप्प. घरी येऊन हीच वही काढली. महिन्याला 120 फायलींपैकी 46 कागद अपुरे म्हणून शाखेत परत जायच्या. साहेबांना नवीन सिस्टीम हवी होती, पण शाखा आणि क्रेडिटवाले एका टेबलाला बसवल्यावर कळलं की दोघांकडची कागदांची यादीच वेगळी! मग यादी एक केली, आणि कागद अपलोड झाल्याशिवाय फाईल पुढे जाणार नाही असा नियम घातला. तीन महिन्यांनी 118 पैकी 17. नवी ओळ अशी झाली: ‘शाखा व क्रेडिटसोबत 4 वर्कशॉप घेऊन कागदांची एकच यादी ठरवली, तपासणीचे नियम लिहून युजर्सकडून चाचणी म्हणजे यूएटी पार पाडली, परत येणाऱ्या फायली 38 टक्क्यांवरून 14 टक्क्यांवर.’ तुमचं सांगा.

ठाणे_लोकल: आकडा नसेल तर 30 टक्के टाकायचं, कोण बघतंय. प्रत्येक ओळीत आकडा पाहिजेच.

जुना_बीए: बघतात हो. मी इंटरव्ह्यू घेतो, पहिलाच प्रश्न असतो आधीचा आकडा कुठल्या रिपोर्टातून, किती महिन्यांचा. बनवलेला असेल तर तिथेच अडखळतात. आकडा दोन-तीन ओळींत असला तरी पुष्कळ. ‘सरासरी 9 दिवसांवरून 5’ लिहिणाऱ्यांनी जपून, महिनोन्‌महिने अडकलेल्या दोन फायली सरासरी बिघडवतात, मी मधली फाईल किती दिवसांची ते विचारतो. आणि फाईलचं स्टेटस कधी बदललं त्याचा रिपोर्ट प्रोजेक्ट सुरू व्हायच्या आधी काढून ठेवा, जुनी सिस्टीम बंद झाली की संपलं. वहीताई, त्या काळात दुसरं काही बदललं होतं का?

पावसाळी_वही: हो दादा, शाखेत दोन नवीन माणसं आलेली. रेझ्युमेत नाही लिहिलं, विचारलं की सांगते.

भाच्याची_मावशी: भाचा एसक्यूएल शिकतोय, पॉवर बीआयचा क्लास लावू का? पुण्यात कुठला चांगला?

जुना_बीए: मावशी, ते डेटा अ‍ॅनालिस्टचं झालं, हा धागा वेगळा आहे. एसक्यूएल येऊ दे पण, आधीचा आकडा स्वतः काढता येतो.

रात्रपाळी: माझा प्रोजेक्ट गो-लाइव्हच्या आधीच बंद पडला. 60 युजर स्टोरीज, साइन-ऑफ, सगळं झालेलं. काय लिहू?

ठाणे_लोकल: ‘अपेक्षित बचत’ लिही.

जुना_बीए: मला नाही पटत. यूएटीत किती चुका रिक्वायरमेंट सुटल्यामुळे निघाल्या ते लिही, ते तुझंच काम.

रात्रपाळी: यूएटी अर्धीच झालेली ना. बघतो, डिफेक्ट लॉग मिळाला तर.

भाच्याची_मावशी: वहीताई, माळ्यावर वाळवी नाही ना लागली वहीला? आमच्याकडे सगळी कागदपत्रं गेली हो.

पावसाळी_वही: कडा खाल्ल्यात थोड्या. आकडे शाबूत आहेत.